अप्पांची रक्ततपासणी पुढे ढकलली आहे

ती. आई व ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी सकाळी रक्त घ्यायला चोपड्याहून येणाऱ्या मुलाला मी परस्पर ‘येऊ नको’ म्हणून सांगितलंय. अप्पा, तुम्हाला न विचारता केलं म्हणून रागावू नका. काल आई बोलत होती तेव्हा मागून तुमचा खोकला आणि नाक ओढणं ऐकू येत होतं. पडसं असताना हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी काढायची नसते.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही सूज आली की काही तासांत ते वाढायला लागतं. रक्तवाहिन्यांमधल्या मंद सुजेचा अंदाज यावा म्हणून ही तपासणी करतात, आणि तिचे आकडे बारीक असतात. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असलं तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. पण पडशानेही आकडा ३ च्या पार जाऊ शकतो, आणि तो सर्दीने वाढला की हृदयाच्या वाहिन्यांमुळे, हे रिपोर्ट सांगत नाही. १० च्या वर गेला, तर डॉक्टर आधी संसर्गच शोधतात.

मोठ्या मामांचं आठवतं ना? ऐन पडशात ६.८ आलं. शेतात जाणं बंद, जिना चढणं बंद, मामी रात्र रात्र जाग्या. महिन्याने पुन्हा काढलं तर १.२.

तुमच्या बाबतीत तर हा आकडा निर्णायक आहे. कोलेस्टेरॉल काठावर, शुगर नाही, बीपी गोळीने आटोक्यात. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही, असं डॉक्टरांचं अडलंय. २ किंवा जास्त आलं तर पारडं गोळीकडे झुकतं. खोट्या आकड्यावर रोजची गोळी मागे लागावी, हे मला नको वाटलं.

आता खोकला पूर्ण थांबल्यावर किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे, मग पहिली तपासणी. तिच्यानंतर दोन आठवड्यांनी दुसरी, आणि दोन्हींची सरासरी डॉक्टरांना दाखवायची. या तपासणीसाठी उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा चहा पिऊनच बसा. माणूस घरीच येईल, पैसे मी भरलेत.

लहानपणी मला ताप आला की तुम्ही उशाशी बसून केळी सोलून द्यायचात. आता मला तिथे बसता येत नाही, एवढंच खुपतं.

आई, तू लक्ष ठेव. त्यांच्या दाढेची हिरडी सुजली आहे, तिनेही सीआरपी वाढतं; दाताच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात ने. भरिताची पार्टी असली तरी रात्री मळ्यात थंडीत बसू देऊ नकोस. बीपीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

आणि छातीत दाब, दम किंवा डाव्या हातात कळ आली, तर या तपासणीची वाट बघायची नाही. लगेच दवाखान्यात नेऊन ईसीजी काढायचा, आणि मला नंतर फोन कर.

तुमची,
ताई