सोन्याचं रात्रीचं औषध: वहिनींना पत्र

लेस्टर, १२ जानेवारी

प्रिय वहिनींना सप्रेम नमस्कार,

सोन्या रात्री ओरडतो, चावतो हे सांगताना परवा फोनवर तुम्ही रडलात आणि माझी ड्युटी सुरू होत होती म्हणून मी घाईघाईत एवढंच सांगितलं, की सोन्याचं ते रात्रीचं औषध आजपासून थांबवा आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. का थांबवायचं ते सांगायचं राहूनच गेलं. आईंसमोर तुम्हाला फोनवर मोकळं बोलता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. सावकाश वाचा आणि दादालाही वाचायला द्या.

तुम्ही पाठवलेले दिनदर्शिकेचे फोटो मी रात्री पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. दुधाच्या हिशेबाच्या त्या खुणांमध्येच सगळं आहे, वहिनी. १४ नोव्हेंबरच्या चौकटीत ‘अर्धा लि.’च्या खाली तुम्ही ‘औषध आणलं’ असं लिहिलंय. २३ तारखेला ‘सोन्या रात्री ओरडला’. त्यानंतर आठवड्यातून तीन-चार वेळा नुसतीच फुली. मग १२ ते १९ डिसेंबर सरळ रेघ, ‘दूध बंद’, कारण तुम्ही तासगावला माहेरी होता. त्या आठ दिवसांत एकही फुली नाही. फोनवर तुम्ही सहज म्हणालात, ‘बाटली इथंच कपाटात राहिली होती, पण तिकडं तो किती छान झोपला.’ २० तारखेला दूध सुरू, औषधही सुरू. आणि २२ ला लिहिलंय, ‘पुन्हा ओरडला, मला चावला.’

आई म्हणतात दृष्ट लागली आणि मीठ-मोहरी उतरवतात. दादाला वाटतं मोबाइलवरच्या कार्टूनमुळे होतंय. पण मोबाइल तर तासगावलाही होता. औषध सुरू झालं की त्रास सुरू, औषध सुटलं की त्रास बंद, परत दिलं की परत त्रास. इथं मुलांच्या वॉर्डात फार्मासिस्टचं काम करताना आम्ही पालकांना पहिल्यांदा हेच विचारतो, आणि त्याचं उत्तर इतकं स्वच्छ क्वचितच मिळतं. हा पुरावा झाला असं मी म्हणत नाही. पण अशी शंका आली की औषध पुढं रेटायचं नसतं.

बाटलीवरच्या लेबलवर मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन अशी दोन नावं आहेत. दुसरं औषध शिंका आणि नाक वाहणं कमी करतं, त्यानं झोपही येते. पहिलं श्वासनलिकेसाठी आहे. ॲलर्जी झाली की शरीरात ल्युकोट्राइन नावाची रसायनं तयार होतात. त्यांनी श्वासनलिका आकसते, आतून सुजते आणि कफ वाढतो. मॉन्टेलुकास्ट त्यांची वाट अडवतं. ते चांगलं औषध आहे आणि बहुतेक मुलांना त्याचा काहीच त्रास होत नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी काही भलतं दिलं असं मनात आणू नका. पण काही मुलांत ते झोपेवर आणि मनावर परिणाम करतं: भीतीदायक स्वप्नं, झोपेत बोलणं किंवा चालणं, झोपच न लागणं, चिडचिड, मारणं, चावणं, उगाच रडणं, उदास होऊन बसणं. मोठ्या मुलांत आणि मोठ्या माणसांतही स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात. अशा नोंदी वाढत गेल्या तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला. त्यांची सर्वांत कडक सूचना हीच असते. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीला दुसरी औषधं लागू पडत असतील तर हे वापरू नका, असंही त्यांनी सांगितलं. इथं ब्रिटनमध्ये २०१९ आणि २०२४ मध्ये पुन्हा तशीच आठवण करून दिली गेली.

तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही याचं मला फार वाईट वाटतंय. दुकानात बाटली पिशवीत घालून देताना ‘पोराच्या झोपेकडं लक्ष ठेवा’ एवढं एक वाक्य पुरलं असतं.

ओरडणं कसं होतं तेही डॉक्टरांना नीट सांगा, कारण लहान मुलं झोपेत दोन तऱ्हांनी दचकतात. एका प्रकारात झोप लागून तास-दोन तास झाल्यावर मूल उठून किंचाळतं, डोळे उघडे असून आपल्याला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. हे औषधाशिवायही कितीतरी मुलांत दिसतं, तापात तर जास्तच. दुसऱ्यात पहाटेच्या सुमारास स्वप्न पडून पूर्ण जाग येते आणि काय दिसलं ते मूल सांगतं. सोन्यानं तुम्हाला ‘भिंतीतून माणूस येतो’ असं दोनदा सांगितलं, म्हणजे त्याची गोष्ट दुसऱ्या प्रकाराकडं झुकते. शिवाय दिवसासुद्धा त्याचा स्वभाव बदललाय. बाईंनी शाळेतून चिठ्ठी पाठवली, तो मित्राला चावला. माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचं आहे. नुसतं झोपेत दचकणारं मूल दिवसा नेहमीसारखंच असतं.

‘रात्रीऐवजी सकाळी दिलं तर?’ असं तुम्ही विचारलंत. हे औषध दम्यासाठी संध्याकाळी एकदाच देतात, कारण दमा रात्री आणि पहाटे जास्त उसळतो आणि औषधाचे मूळ प्रयोगही संध्याकाळच्या डोसवरच झाले. दम्यात सकाळचा डोस चांगला की संध्याकाळचा, अशी तुलना करणारे प्रयोग तेव्हा झालेच नव्हते. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीला वेळेचं एवढं बंधन नसतं. पण स्वप्नं पडतात म्हणून वेळ बदलणं हा त्यावरचा उपाय नाही. औषध तेच, डोस तोच, परिणामही व्हायचा तसा होऊ शकतो. आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन डोस कधीच द्यायचे नाहीत, ठरलेल्या वेळेला एकच द्यायचा.

आता आप्पांच्या गोळीबद्दल. हळदीच्या गोदामातल्या धुरळ्यानं आप्पांना शिंका येतात म्हणून त्यांना याच दोन औषधांची, मॉन्टेलुकास्ट १० मिलिग्रॅम असलेली गोळी आहे. जानेवारीच्या ३ आणि ४ तारखेला बाटली संपली तेव्हा आईंनी तिचीच अर्धी करून सोन्याला दिली. आईंनी ती मायेनंच दिली, त्यांना बोलू नका, पण परत असं होऊ देऊ नका. या औषधाचा डोस वयावर ठरतो, वजनावर नाही. दोन वर्षांपासून सहावं पूर्ण होईपर्यंत ४ मिलिग्रॅम, सहा ते चौदा वर्षांना ५ मिलिग्रॅमची चघळायची गोळी आणि पंधरा पूर्ण झाल्यावर १० मिलिग्रॅम. दोन वर्षांखालच्या बाळांना डॉक्टरांनी दिलंच तर ४ मिलिग्रॅमच्या दाण्यांची पुडी असते. ती थेट तोंडात किंवा चमचाभर गार मऊ भातात कालवून पंधरा मिनिटांच्या आत द्यायची, गरम खाण्यात किंवा पाण्यात विरघळवायची नाही. सोन्याला फेब्रुवारीत सहा होतील, म्हणजे आत्ता त्याचा डोस ४ चाच होता. बाटलीत ५ मिलीला तेवढाच आहे आणि तुम्ही टोपीनं मोजून बरोबर देत होता. आप्पांची गोळी दातानं किंवा सुरीनं तोडली तर दोन भाग कधीच सारखे होत नाहीत, आणि त्यात दोन औषधं असल्यानं एक कमी-जास्त झालं की दुसरंही होतं. सहावा वाढदिवस झाला म्हणजे आपोआप ५ सुरू, असंही नाही. त्याला हे औषध पुन्हा द्यायचं की नाही हाच आता प्रश्न आहे, आणि तो डॉक्टरांनी सोडवायचा आहे.

त्यांच्याकडं जाताना दिनदर्शिकेची ती तीनही पानं घेऊन जा. एवढंच विचारा: सोन्याला दमा आहे की नुसती सर्दी-ॲलर्जी? नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले, शेतात पाचट पेटलं आणि त्याचा खोकला तेव्हाच वाढला, हे सांगा. नुसतं नाकच असेल तर या औषधावाचून भागण्यासारखं आहे. दमा असेल तर रोजचा मुख्य उपाय बहुतेक करून स्टेरॉइडचा पंप असतो, स्पेसर म्हणजे पुढं बसवायची पोकळ नळी लावून. पंपाची सवय लागते, असं आई म्हणतात. वहिनी, तसं नसतं. त्यातलं औषध अगदी थोडं, मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकं असतं आणि थेट छातीत जातं. दिल्यावर चूळ भरायला लावायची, एवढंच पथ्य. डॉक्टरांनी पंप दिला तर दादालाच रोज द्यायला सांगा, म्हणजे घरात वाद होणार नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मॉन्टेलुकास्ट थांबवलं म्हणून छाती भरली तर तेच परत देऊन धाप थांबत नाही. धाप लागल्यावर ते चालू असतं तरी कामाचं नव्हतं. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर डॉक्टरांनी दिलेला साल्ब्युटामॉलचा, म्हणजे धाप लगेच कमी करणारा पंप स्पेसरमधून द्या आणि त्याच वेळी गाडी काढा, मिरजेला जायला दहा मिनिटंही थांबू नका.

औषध थांबवल्यावर बहुतेक मुलांचा त्रास निवळतो, पण काहींना वेळ लागतो, आणि काहींना तर थांबवल्यानंतरही काही दिवस त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून दोन-तीन फुल्या अजून पडल्या तर घाबरू नका, लिहून ठेवा. आणि डॉक्टरांना या त्रासाची नोंद सरकारकडं करायला सांगा. तुम्हीही करू शकता, भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा मोफत नंबर १८०० १८० ३०२४ आहे. त्यातूनच पुढच्या आईला कुणीतरी ते एक वाक्य सांगेल.

हो, आणि तुमच्या ताईची लेक दहावीला आहे, तिलाही हीच गोळी आहे म्हणालात. ताईंना आजच फोन करा. पोरगी गप्प गप्प राहते का, मैत्रिणींना टाळते का, रात्री जागते का, एवढं विचारा. तसं असेल तर तिचीही गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवायला सांगा. परीक्षेचा ताण म्हणून सोडून देऊ नका.

रविवारी तुमच्या रात्री साडेआठला फोन करते. तोपर्यंत या आठवड्याच्या चौकटींचा फोटो पाठवा, दुधाच्या खुणांसकट. आई-आप्पांना नमस्कार, सोन्याला खूप खूप पापे.

तुमची,
धाकटी नणंद