नवीन रिक्रूटरला काय लिहायचं

बोरी, फोंडा
8 जुलै

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आपटला. तुझी आधीची रिक्रूटर नोकरी सोडून गेली आणि नवीचा मेल आला, तर तिला आतापर्यंतचं सगळं लिहून कळव म्हटलं. तू "आई, त्यांच्या सिस्टीममध्ये सगळं असतं गं" म्हणालीस आणि माझं डोकं फिरलं. बाबा म्हणाले, लिहून पाठव, बोललीस तर पुन्हा भांडाल. म्हणून हे लिहिते आहे. फोटो काढून पाठवीन, झूम करून वाच. राजीनाम्याबद्दल या पत्रात विचारणार नाही असं ठरवलं आहे.

सिस्टीममध्ये काय असतं ते मला माहीत आहे बाय. वेर्ण्याला पर्सोनेलमध्ये मी 22 वर्षं काढली. तेव्हा फाइली होत्या, आता स्क्रीन आहे, एवढाच फरक. तुझा बायोडेटा असेल, कुठला राउंड कधी झाला आणि घेणाऱ्याने काय शेरा मारला ते असेल. पण जुन्या रिक्रूटरने तुला फोनवर जे सांगितलं, ते तिने स्वतः टिपून ठेवलं असेल तरच तिथे सापडणार. नोकरी सोडून जाणारं माणूस शेवटच्या आठवड्यात किती टिपतं, ते मी पाहिलं आहे.

तुला सावर्ड्याच्या त्या मुलाची गोष्ट कधी सांगितली नव्हती. आमच्यातला एकजण चतुर्थीच्या तोंडावर सोडून गेला आणि त्याचा ड्रॉवर माझ्याकडे आला. त्या मुलाच्या फाइलवर कोपऱ्यात पेन्सिलीने फक्त '15 ओके' लिहिलेलं होतं. मला वाटलं, 15 तारखेला रुजू व्हायचं ठरलंय. तसं पत्र काढलं आणि पगार नेहमीच्या श्रेणीतला घातला, साडेबारा हजार. तो वडिलांना घेऊन आला. त्याला पंधरा हजार कबूल केले होते म्हणे, तोंडी. मी साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, कुणी मंजूर केले ते दाखवा. दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं आणि माझ्याकडे पेन्सिलीचे ते दोन शब्द. वडिलांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि मला "बरं बाई" म्हणून निघून गेले. अजून आठवतं.

आणि काल तू काय म्हणालीस? "ती अठरा म्हणाली होती." अठरा काय? फिक्स्ड अठरा लाख, की व्हेरिएबल धरून अठरा? यात महिन्याच्या पगारात केवढा फरक पडतो ते तुला मी सांगायला नको. नव्या बाईला तू नुसतं 'अठरा' लिहिलंस, तर ती तिला सोयीचं तेच वाचणार. यात तिची लबाडी नसते. तिला तो आकडा पुन्हा वर मंजूर करून घ्यायचा असतो आणि कमी आकडा लवकर मंजूर होतो.

तर तिच्या मेलला आजच, त्याच मेलखाली उत्तर दे. विषयात तुझं नाव, पद आणि त्या जागेचा नंबर टाक. इंग्रजीत तू लिहिशीलच. मजकूर असा असावा:

"मी मृणाल. सीनियर टेस्टिंगच्या जागेसाठी माझी निवडप्रक्रिया चालू आहे. सध्या पुण्यात याच कामात आहे, एकूण अनुभव 6 वर्षं. आतापर्यंत 3 जूनला प्राथमिक बोलणं, 10 जूनला तांत्रिक राउंड, 17 जूनला दिलेलं काम जमा आणि 24 जूनला मॅनेजरबरोबर राउंड झाला. 26 जूनला फोनवर मला कळवण्यात आलं की मॅनेजरचा होकार आहे आणि एचआर राउंड बाकी आहे. त्याच फोनवर फिक्स्ड 18 लाख आणि पुणे हे ठिकाण यावर तोंडी बोलणं झालं, लेखी काही आलेलं नाही. माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे. एचआर राउंड कधी ठेवता येईल?"

बस. जुने मेल खाली जोड, बायोडेटा पुन्हा जोड. प्रश्न एकच विचार, कारण पाच विचारलेस तर ती सोप्याचं उत्तर देऊन मोकळी होईल.

'तोंडी बोलणं झालं' हे शब्द बदलू नकोस. त्याला 'ऑफर' म्हणालीस तर ती मॅनेजरला विचारणार, तो म्हणणार मी असं काही दिलेलं नाही, आणि खोटी तू ठरशील. झालं तेवढंच, ज्या तारखेला झालं ती तारीख घालून. आणि आधीची बाई मधेच सोडून गेली, मला तीनदा ताटकळत ठेवलं, हे एका ओळीनेही नको. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगते. (तो कुठून आला ते बाबा सांगतीलच.)

तिने उलट फोन करून "अपेक्षा किती?" असं पहिल्यापासून विचारलं, तर समज की मेल वाचलेला नाही. चिडू नकोस. "26 तारखेला हे बोलणं झालं होतं, मेलमध्ये लिहिलं आहे" असं सांग आणि तोच आकडा तसाच सांग. वाढवूनही नाही, घाबरून कमी करूनही नाही. तीन कामाचे दिवस उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली दोन ओळी आणि मग एक फोन. मॅनेजरला परस्पर लिहायची घाई नको. पुढचं सगळं त्या बाईच्याच हातून जायचं आहे.

आता तारखेचं. तू जुनीला 1 सप्टेंबरला रुजू होईन असं सांगितलं होतंस ना? ती तारीख आता लिहू नकोस. 'ऑफर लेटर हातात आल्यावर राजीनामा देईन, त्यानंतर 60 दिवसांनी रुजू होऊ शकेन' असं लिही, म्हणजे त्यांच्याकडून उशीर झाला तर तारीख आपोआप पुढे जाईल. काल रात्री झोप येईना म्हणून कॅलेंडर घेऊन बसले होते. 1 सप्टेंबरपासून मागे 60 दिवस मोजले की 3 जुलै येतो. आज 8. तरी काल तू फोनवर म्हणालीस, "सप्टेंबरला तिकडेच असेन." म्हणजे 3 जुलैला तू काहीतरी केलंयस का?

विचारणार नव्हते. माफ कर. तुझ्या वयात मी रोज इथून कंपनीच्या बसने पूल ओलांडून जायची आणि वाटायचं, नोकरी म्हणजे सरळ रस्ता. तुझं तसं नाही, तुला स्वतःला दर वेळी नव्याने ओळख करून द्यावी लागते, आणि तू ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली करून देतेस. 24 च्या राउंडचं तू सांगितलंस, ते बाबांनी वाडाभर सांगितलं. मी नको म्हणत होते, अजून पक्कं नाही म्हणून.

हळदीची पानं यंदा भरपूर आली आहेत. नागपंचमीला येतेस की नाही ते कळव, म्हणजे नारळ काढून ठेवायला सांगते.

तुझी,
आई

ता. क. दिला असशील तर दिला म्हणून सांग. मग मेलमधली 60 दिवसांची ओळ बदलावी लागेल. तिथे शेवटच्या दिवसाची खरी तारीख घालायची.