ऊर्वीची खोली आणि चार लिटर रंग

पुणे

प्रिय सुहास,

फोनवर तू विचारलंस की हॉलला रंग किती लागेल, तेव्हा मी "पाठवतो हिशोब" म्हणालो होतो. तोवर आमच्याकडेच ऊर्वीची खोली रंगवायची निघाली आणि रविवारची सकाळ तिच्याशी वाद घालण्यात गेली. तोच हिशोब तुला लिहितो.

खोली बारा बाय दहाची, उंची साडेनऊ फूट. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. छत पांढरंच ठेवायचं होतं, ते धरलं नाही. ती म्हणाली, "बाबा, चार भिंती वेगवेगळ्या कशाला मोजायच्या? सगळ्या एका ओळीत उलगडल्या तर चव्वेचाळीस फूट लांब, साडेनऊ उंच." बरोबर. 418 चौरस फूट. दार तीन बाय सात, खिडकी पाच बाय चार, म्हणजे 41 वजा. उरले 377.

"आता भागिले एकशेवीस," मी म्हटलं. आमच्या डब्यावर लिटरला 120 ते 140 चौरस फूट, दोन हात धरून, असं लिहिलं होतं.

"मग गुणिले दोन. हात दोन आहेत ना?"

"अगं, दोन्ही हात त्या आकड्यात आलेच. नीट वाच." (तुझ्या डब्यावर एका हाताचा आकडा असेल तर मात्र दुप्पट करावीच लागेल. लोक इथेच फसतात.)

"आणि पेंटरकाका पाणी घालणार, त्याने रंग वाढेल की!"

"पाणी घालून जेवढं पुरतं तेवढंच डब्यावर लिहिलंय. जास्त घातलं तर भिंत झाकणार नाही, मग तिसरा हात."

377 ला 140 ने भागलं तर 2.7 लिटर, 120 ने भागलं तर 3.1. म्हणजे एकात तीन लिटर पुरतात, दुसऱ्यात चार घ्यावे लागतात. 140 चा आकडा गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीचा. आमच्या भिंतीवर पुट्टीचे ठिगळ आहेत, तिथे रंग जास्त शोषला जातो. मी 120 धरले आणि चार लिटरवर शिक्कामोर्तब केलं.

तेवढ्यात कन्येने शेडकार्ड काढलं. तीन भिंती फिकट आणि पलंगामागची बारा फुटी गडद निळी! मी म्हटलं, कर हिशोब. ती भिंत 114 चौरस फूट. गडद शेड ज्या बेसमध्ये बनवतात त्यात पांढरा रंगद्रव्य फार कमी असतो, त्यामुळे खालचं झाकायला बहुधा तिसरा हात लागतो. दोन हातांना 0.95 लिटर, तिसरा धरून 1.43. म्हणजे निळ्याचे दोन लिटर. उरलेल्या 263 चौरस फुटांना 2.2, म्हणजे फिकट तीन लिटर.

"एकूण लागतात साडेतीन-पावणेचार आणि आणायचे पाच?" ती वैतागली. "अर्धा लिटर नाही मिळत?"

"त्या शेडमध्ये दुकानदार एक लिटरच्या खाली देत नाही. आणि मशीनवर शेड केलेला डबा परत घेत नाहीत."

ती गप्प बसून खोलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खिडकीची भिंत निळी केली तर?" दहा गुणिले साडेनऊ, 95, वजा खिडकीचे 20, राहिले 75. तीन हातांना 0.94 लिटर. एक डबा! बाकी 302 चौरस फुटांना 2.5, म्हणजे फिकट तीन. एकूण पुन्हा चारच. मी मनातल्या मनात टाळी वाजवली, पण तिला एवढंच सांगितलं की खिडकीच्या भिंतीवर समोरून उजेड पडत नाही, तिथे निळा आणखी गडद दिसेल. तिला तेच हवं होतं म्हणे.

0.94 ला एक लिटर म्हणजे काठावरचा मामला. त्यावर तिनेच उपाय काढला: पहिला हात झाल्यावर डब्यात बघायचं. तिसऱ्या भागापेक्षा जास्त गेला असेल तर लगेच, दुसरा हात सुरू करण्याआधी, त्याच कोडचा आणखी एक डबा आणायचा. भिंतीच्या मध्यात रंग संपला तर नव्या डब्याचा सांधा दिसू शकतो. फिकटाचे तिन्ही डबेही एका बादलीत आधी एकत्र ढवळून घ्यायचे, कारण शेड केलेल्या डब्यांत किंचित फरक पडू शकतो.

आता तुझ्याबद्दल. तुझा ठेकेदार जमिनीच्या साडेतीनपट भिंत धरतोय म्हणालास. छत सोडून मोजलं तर आमच्या खोलीत 120 ला 418, म्हणजे जवळजवळ तेवढंच. पण तुझा हॉल वीस बाय बारा. जमीन दुप्पट, 240, तर घेर चौसष्ट फूट. साडेनऊ उंचीने 608, जेमतेम अडीचपट. त्याच्या हिशोबाने 840 होतात. तो छत धरत असेल तर 848, मग आकडा ठीक. नसेल तर जवळजवळ दोन लिटर रंग उगाच येईल. एवढंच विचार त्याला: "छत धरून की सोडून?"

दारं-खिडक्यांची मापं कळव. ऊर्वी म्हणते, सुहासकाकाचा हिशोब मी करणार.

तुझा,
अविनाश