सोसायटीचा 'मालक' बाहेर पडू पाहतो तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकार सप्ताहाचा कालच्या अंकातला वृत्तांत वाचला. 'सभासद हाच संस्थेचा खरा मालक' हे व्यासपीठावरचे वाक्य तुम्ही चौकटीत छापले आहे. मीही असाच एक मालक. जून महिन्यापासून माझ्याच मालकीच्या क्रेडिट सोसायटीतून बाहेर पडायची परवानगी मागत फिरतो आहे.

घरदुरुस्तीसाठी मी 3 लाखांचे कर्ज काढले होते. रक्कम हातात पडण्याआधीच त्यातले 5 टक्के, म्हणजे 15 हजार, शेअरपोटी कापून घेतले. सभासद होताना भरलेले हजार धरून माझे 16 हजार शेअर्समध्ये आहेत. मे महिन्यात शेवटचा हप्ता भरला. खातेउताऱ्यावर येणे बाकी शून्य. घर मुलीच्या नावे करायचे आहे, पण त्यावर या कर्जाचे गहाणखत नोंदलेले. ते सोडवायला सोसायटीचा नो ड्यूज दाखला हवा. म्हणून एकाच अर्जात मी दोन गोष्टी मागितल्या: दाखला द्या, आणि राजीनामा घेऊन शेअरची रक्कम परत करा. दोन्ही एका अर्जात मागितल्या, इथेच माझे चुकले.

'तुम्ही एकाच्या कर्जाला जामीन आहात, काही मिळणार नाही,' म्हणून मॅनेजर मोकळे झाले. खरे आहे, 2019 साली एका सहकाऱ्याच्या कर्जावर मी सही केली होती. तो हप्ते वेळेवर भरतो, एकही थकलेला नाही. तरी त्याचे कर्ज फिटेपर्यंत माझी जबाबदारी उरते आणि सोसायटी माझे शेअर धरून ठेवू शकते, हे मला मान्य आहे. न पटणारी गोष्ट पुढची. माझे स्वतःचे कर्ज फिटले, हे लिहून द्यायला दुसऱ्याच्या कर्जाची आडकाठी कशाला? दाखल्यात सरळ लिहावे की कर्ज खाते क्रमांक अमुक, बाकी निरंक. मात्र अर्जदार अमुक खात्याला जामीन आहे. माझ्या घराचे गहाण त्या दुसऱ्या कर्जाला दिलेलेच नाही, मग ते सुटायला हरकत ती काय? तीन महिने गेल्यावर हा प्रश्न मी लेखी विचारला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली, तेव्हा कुठे आठवड्याभरात दाखला हाती आला. आधीचे दोन अर्ज पोच न घेता दिले होते. ते आवकमध्ये चढलेच नव्हते, असे कळले.

राहिला शेअरचा प्रश्न. सहकाऱ्याने बिचाऱ्याने दुसरा जामीनदार उभा केला, तोही सभासद, पगारपत्रकासह. संचालक मंडळाने ठराव करून माझे नाव काढले. आता तरी? तर आता म्हणे एका वर्षात वसूल भागभांडवलाच्या ठरावीक टक्क्यांपुरतेच शेअर परत करता येतात आणि यंदाचा हिस्सा संपला. असा नियम असू शकतो, मी नाही म्हणत नाही. सगळ्यांनी एकदम शेअर काढले तर संस्था उभी राहणार कशी? पण पोटनियमातले ते कलम दाखवा म्हटले, तर पुस्तक कपाटात, आणि किल्ली सेक्रेटरींकडे. एकदाचे मिळाले ते कन्नडमध्ये. चाळीस वर्षे इथे राहिल्याने मला कन्नड जेमतेम वाचता येते, पण माझ्यासोबत रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीने काय करायचे? कर्जाची जाहिरात मात्र मराठीत छापतात, तीही रंगीत.

नकार लेखी द्या, असे म्हटल्यावर सगळे गप्प झाले. तो कागद लागतो, कारण कर्नाटकच्या 1959 च्या सहकारी संस्था कायद्याखालची संस्था असेल तर कलम 70 खाली निबंधकांकडे दाद मागता येते. 1997 च्या सौहार्द कायद्याखालची असेल तर वाट वेगळी. आपली संस्था कुठल्या कायद्याखाली आहे, ते बाहेरच्या पाटीवर नोंदणी क्रमांकाशेजारी बघून घ्यावे. मी वीस वर्षे त्या पाटीखालून गेलो, कधी वाचली नव्हती.

आणखी एक. सोसायटी दिवाळीला सभासदांना स्टीलचा डबा देते. यंदा आणायला गेलो तर शिपाई म्हणाला, 'तुमचा राजीनामा आलाय, यादीत नाव नाही.' म्हणजे डब्यापुरता तरी माझा राजीनामा मंजूर झालेला दिसतो.

आपला,
एक (अजूनही) सभासद, खानापूर