विषय: मॉनिटर मनाला येईल तेव्हा इनपुट बदलतो, आणि तुमचा चौथा कॉलही फुकट गेला

मागच्या आठवड्यात तुमच्या कस्टमर केअरशी फोनवर बोललो, ४७ मिनिटं. डोकं अजून गरम आहे तरी नीट लिहायचा प्रयत्न करतो.

तुमच्या मॉनिटरला मी ऑफिसचा लॅपटॉप डिस्प्लेपोर्टवर, सेट टॉप बॉक्स HDMI 1 वर आणि टीव्हीची स्टिक HDMI 2 वर लावलीये. चहा घ्यायला उठलो की पाच मिनिटांनी लॅपटॉप स्क्रीन झोपवतो, सिग्नल गेला की तुमचा मॉनिटर दुसरं दार शोधत फिरतो आणि सेट टॉप बॉक्सवर जाऊन बसतो, कारण तो रिमोटने बंद केला तरी त्याचा सिग्नल चालूच असतो. परत येऊन माउस हलवला तर लॅपटॉप जागा होतो पण मॉनिटर ढिम्म, त्याला तिकडे सिग्नल मिळतोय ना, मग तो कशाला परत येतोय. हे Auto Switch मुळे होतं हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीच बनवलंय.

आता त्या दिवशीचा संवाद ऐका. मी म्हटलं मला Input Lock हवंय, मेनूत दिसतं पण करडं आहे, दाबलं जात नाही. तुमचा माणूस म्हणाला, "सर, मेनूचं बटण दहा सेकंद दाबून धरा." धरलं. स्क्रीनवर कुलपाचं चित्र आलं. "झालं सर, लॉक झालं." मी फोन चालू ठेवूनच लॅपटॉप झोपवला, मॉनिटर टुणकन सेट टॉप बॉक्सवर! परत आणायला बटण दाबतो तर बटणंच बंद, कारण साहेबांनी Input Lock नाही, Key Lock लावायला लावलं होतं. म्हणजे मॉनिटरला उड्या मारायला पूर्ण मोकळीक आणि कुलूप मात्र माझ्या हाताला. हे समजावलं तर म्हणतात, "सर, मग बाकीच्या केबल काढून ठेवा ना, एकच लावली तर उडी मारणारच नाही." मी विचारलं मग चार पोर्ट कशाला दिलेत? तर म्हणे, "सर, ते फीचर आहे." बरोबर आहे, घराला चार दारं द्यायची आणि तीन विटांनी बुजवून घ्या म्हणायचं.

शेवटी मीच शोधलं. Key Lock काढायला तेच बटण परत दहा सेकंद. मग आधी Auto Switch ऑफ करायचं, तेव्हा कुठे Input Lock करड्याचं पांढरं होतं. हे मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिता आलं असतं. आता लॅपटॉप झोपला की मॉनिटरही गपचूप झोपतो आणि माउस हलवला की लॅपटॉपवरच उठतो.

तरी एक उडी उरली होती, ती वेगळीच. लॅपटॉप चालू, मीटिंग चालू, आणि पोरगं सोफ्यावर रिमोटवर बसलं की स्क्रीन गेली स्टिकवर. इथे सिग्नल गेलेलाच नसतो, म्हणजे Auto Switch चा दोष नाही. स्टिक जागी होताना CEC वरून "आता मला दाखव" असा निरोप पाठवते आणि तुमचा मॉनिटर Input Lock लागलेलं असूनही तो ऐकतो. स्टिकच्या सेटिंगमध्ये जाऊन CEC बंद केलं तेव्हा थांबलं. मग Input Lock नक्की कोणाला लॉक करतं हो?

आणि खरी तक्रार आता. रात्री मी बोर्डाचं बटण बंद करतो. सकाळी Auto Switch परत ऑन, Input Lock परत करडं. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर सेटिंग राहतं, बोर्डावरून केला की जातं, तीन रात्री करून बघितलं. ब्राइटनेस मात्र तसाच राहतो, रंगही तसेच. म्हणजे मेमरी आहे, फक्त हे दोन सेटिंग साठवत नाही. हा फर्मवेअरचा घोळ आहे, माझ्या केबलचा नाही. आमच्याकडे दर गुरुवारी लाइट जाते, तेव्हा तर बोर्डाला हातही लावावा लागत नाही.

मला तीन नाही, एकच गोष्ट हवीय: हे दोन्ही सेटिंग वीज गेल्यावर टिकतील असं फर्मवेअर द्या, नाहीतर पैसे परत. आणि केबल काढा हे उत्तर पुन्हा नको, चार पोर्टचे पैसे घेतलेत ना! १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ वर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग, बिल आणि त्या तीन सकाळचे फोटो काढून ठेवलेत. यापूर्वीचे दोन्ही मॉनिटर तुमचेच होते, एक तर अजून आईकडे चालतोय. त्याला एकच पोर्ट आहे.