कर्जाच्या गळ्यात विम्याचे लोढणे

महोदय,

मुलीच्या गृहकर्जासाठी मी तिच्यासोबत बँकेत गेलो होतो. मंजुरीपत्रात कर्जाची रक्कम मागितल्यापेक्षा 1 लाख 20 हजारांनी जास्त दिसली. विचारल्यावर अधिकारी म्हणाले, "काका, तो विम्याचा एकरकमी हप्ता. खिशातून काही द्यायचं नाही, कर्जातच धरलाय." पण कर्जात धरला म्हणजे त्यावर व्याजही आले. 9 टक्के दराने 20 वर्षांत महिना सुमारे 1,080 रुपये, म्हणजे एकूण जवळपास 2 लाख 59 हजार!

विमा वाईट नाही. घरातल्या कमावत्या माणसाचा असावाच. पण तो याच बँकेकडून घेण्याची सक्ती नियमात नाही. मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, माझा टर्म प्लॅन आहे. हा विमा बंधनकारक असेल तर तसं ईमेलवर लिहून द्या, मी घरी विचार करते." ईमेल आला नाही. दोन दिवसांनी विम्याविना नवे मंजुरीपत्र मात्र आले.

सही आधीच झाली असेल, तर पॉलिसी हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती विमा कंपनीला लेखी कळवून परत करता येते. किरकोळ कपात होऊन मिळणारे पैसे कर्जखात्यात जमा झाले का, तेवढे जरूर तपासावे.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई