फिर्याद बदलली नाही, पुरवणी जबाब झाला

संपादक महोदय,

कालच्या अंकात ‘फिर्यादच बदलली!’ हा मथळा उद्गारचिन्हासकट वाचला. घरफोडीच्या फिर्यादीनंतर दुसऱ्या दिवशी चोरीच्या ऐवजात दोन पाटल्या वाढल्या, म्हणून तुमच्या वार्ताहराने ठाण्यातल्या सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. बातमीच्या शेवटच्या ओळीत मात्र ‘पुरवणी जबाब नोंदवला’ असे त्यांनीच लिहिले आहे. मग बदलले काय? घर फोडलेले पाहून रात्री बारा वाजता ठाण्यात आलेल्या माणसाला कपाटातला डबा न् डबा आठवावा, अशी अपेक्षा मथळा लिहिणाराच करू शकतो.

मी ठाण्यात रायटर होतो. फिर्याद एकदा वाचून दाखवली, फिर्यादीची सही झाली, की त्यातला काना-मात्राही हलवायचा नाही. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका मारामारीच्या गुन्ह्यात घटनेची वेळ साडेदहाऐवजी साडेआठ लिहिली गेली. सकाळी चूक लक्षात आली आणि मी शहाणपणा करून ठाण्याच्या प्रतीत ८ चा १० केला. न्यायदंडाधिकाऱ्यांकडची प्रत आदल्या रात्रीच गेली होती! पुढे बचावाच्या वकिलांनी दोन्ही प्रती शेजारी धरल्या आणि मला एकच प्रश्न विचारला, ‘हवालदार, यातली खरी कुठली?’ साक्षीदार चांगले बोलले होते, तरी आरोपी संशयाचा फायदा घेऊन सुटले. खरी वेळ साडेदहाच होती.

मी करायला हवे होते ते इतकेच: फिर्यादीला बोलावून त्या दिवसाच्या तारखेने वेगळा जबाब घ्यायचा. ‘माझ्या फिर्यादीत वेळ साडेआठ नमूद आहे, ती घाबरल्यामुळे चुकीची सांगितली गेली, खरी साडेदहा’ असे त्यात कारणासह लिहायचे, स्टेशन डायरीला नोंद करायची. जुना कागद चुकीसकट तसाच राहतो. नव्या माहितीने गुन्हा गंभीर ठरला, तर कलमवाढीचा अहवाल कोर्टाला जातो. फिर्याद दुसऱ्यांदा लिहिली जात नाही. पुरवणी जबाबावर सही नसते, याचेही तुमच्या वार्ताहराला नवल वाटलेले दिसते. तपासातल्या जबाबावर सही घ्यायचीच नाही, असे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६२ सांगत होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे १८१ सांगते.

संशय घ्यायचाच, तर जबाबाला किती दिवस लागले ते पाहा. पाटल्या दुसऱ्या दिवशी आठवल्या, हे पटते. आठ दिवसांनी एकाएकी शेजाऱ्याचे नाव आठवले, तर का, असे कोर्टही विचारते.

जाता जाता: आज सकाळी तुमच्या संकेतस्थळावर तोच मथळा ‘फिर्यादीत भर’ असा झालेला दिसला. खाली दुरुस्तीची ओळ नाही, तारीख नाही, वेळ नाही. छापील अंक माझ्याकडे आहे. आता सांगा, यातला खरा कुठला?

– एक निवृत्त पोलीस हवालदार, सातारा